तापमान प्रोबचा ऑफसेट (बर्फ व उकळत्या पाण्याची तपासणी)

प्रोबने दाखवलेले तापमान आणि खरे तापमान यांतील फरक म्हणजे ऑफसेट. तो शोधण्यासाठी प्रोब आधी वितळत्या बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात धरतात, कारण या दोन्ही अवस्थांत पाण्याचे तापमान किती असणार हे आधीच ठाऊक असते. बर्फ वितळत असेपर्यंत ते ०° सेल्सिअसवरून हलत नाही. उकळते पाणी मात्र हवेच्या दाबाप्रमाणे वागते, आणि घरगुती तपासणीतली मोठी चूक बहुधा याच टोकाला होते.

ही गोष्ट नवी नाही. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस याने १७४२ मध्ये आपले मोजमाप मांडताना दाब बदलला की उकळण्याचा बिंदू सरकतो, हे सांगून ठेवले होते. या सरकण्याचा उलटा उपयोगही झाला. नैन सिंग रावत १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले तेव्हा पाणी किती तापमानाला उकळते ते पाहून त्यांनी त्या शहराची उंची काढली. प्रोब तपासताना हेच गणित उलट्या दिशेने करायचे असते: उंची किंवा दाब माहीत आहे, त्यावरून उत्कलनबिंदू काढायचा.

बर्फाची तपासणी दिसायला सोपी असते, म्हणून ती निष्काळजीपणे होते. पेल्यात पाणी घेऊन वर चार खडे टाकले की ते बर्फाचे पाणी झाले, असे अनेकांना वाटते. पण पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. खडे वर तरंगतात आणि त्यामुळे तळाशी दोन-चार अंशांचे पाणी साचून राहते. तिथे धरलेला प्रोब चांगला असूनही चुकीचा ठरतो. योग्य रीत अशी: बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक फोडावा, थर्मासमध्ये काठोकाठ भरावा आणि फटी भरतील एवढेच गार पाणी वरून ओतावे. तळाशी नुसते पाणी दिसू लागले तर ते काढून आणखी बर्फ घालावा. फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. तो पांढुरका व कोरडा दिसतो तोवर थांबावे. पृष्ठभाग ओला, चकचकीत झाला की वितळणे सुरू झाले असे समजावे. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. मासळीच्या टोपलीतला बर्फ मिठाच्या संपर्कात आलेला असतो, आणि मीठ मिसळले की मिश्रण शून्याच्या खाली उतरते.

प्रोब बर्फाच्या मध्यभागी, भांड्याला न टेकवता धरावा. पोलादी नळीतून बाहेरची उष्णता आत झिरपते, म्हणून खोली महत्त्वाची: नळीच्या जाडीच्या दहा-पंधरा पट, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या प्रोबसाठी ६ ते ९ सेंटिमीटर. अधूनमधून ढवळत राहावे आणि आकडा एक-दोन मिनिटे स्थिर राहिला की लिहून घ्यावा. प्रोब बाहेर काढून, पुसून, पुन्हा बुडवल्यावर तोच आकडा यायला हवा. नाही आला, तर पुढे जाण्याआधी बर्फाकडे पाहावे.

उकळत्या पाण्यासाठी झाकणाचे उंच पातेले बरे. प्रोबचे टोक तळाला लागले तर ते पाण्याचे नव्हे, तापलेल्या धातूचे तापमान दाखवते. गुळगुळीत काचेच्या भांड्यात पाणी न उकळताच उत्कलनबिंदूच्या पुढे जाऊ शकते. मातीच्या भांड्याचे दोन-तीन तुकडे टाकले की बुडबुडे नीट सुटतात. याच अडचणीमुळे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने १७७७ मध्ये तापमापक पाण्यात नव्हे तर वाफेत धरण्याची शिफारस केली. आजही पाण्याच्या किंचित वर, झाकणाखालच्या दाट वाफेत प्रोब धरणे अधिक भरवशाचे. हात मात्र वाफेपासून जपावा.

आता दाब. समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारे पाणी पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, ९८.१ अंशांच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरात, सुमारे १,३५० मीटरवर, साडेपंच्याण्णवला. दाबात १० हेक्टोपास्कलचा फरक पडला की उत्कलनबिंदू सुमारे ०.३ अंश सरकतो. इथे एक फसवा आकडा समोर येतो. हवामानाच्या बातमीत किंवा अॅपवर पुण्याचा दाब १,०१० च्या आसपास दिसतो, पण तो तुलनेसाठी समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. पुण्यातला प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास असतो. अॅपवरचा आकडा धरला तर उत्कलनबिंदू पावणेदोन अंशांनी चुकतो. फोनमध्ये दाबमापक असेल तर त्याचा थेट आकडा घ्यावा. नसेल तर गावाच्या उंचीवरून काढलेला उत्कलनबिंदू घरगुती कामाला पुरतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोणी दूध पाश्चरीकृत करण्यासाठी पोलादी नळीतला DS18B20 वापरतो. दूध निदान ६३ अंशांवर ३० मिनिटे राहायला हवे. प्रोब बर्फात ०.८ दाखवतो आणि वाफेत ९९.३. म्हणजे खालच्या टोकाला चूक ०.८ अंश अधिक, वरच्या टोकाला १.२ अंश अधिक. दोन्ही टोके जोडणारे सूत्र एका ओळीचे आहे. त्यात `r` म्हणजे प्रोबचा आकडा आणि `t` म्हणजे खरे तापमान:

```
t = (r - 0.8) * 98.1 / (99.3 - 0.8)
```

प्रोब ६३ दाखवत असताना दूध प्रत्यक्षात ६१.९ अंशांवर असते. ते ६३ ला न्यायचे तर पडद्यावर ६४.१ दिसेपर्यंत तापवावे लागेल. आता हाच माणूस उंची विसरला आणि सूत्रात ९८.१ ऐवजी १०० घातले, तर पडद्यावरच्या ६३ चे उत्तर ६३.१ येते. तपासणी केली, सूत्र लावले, सगळे जुळल्याचे समाधानही मिळाले, आणि दूध अंशाहून जास्त कमी तापले. न तपासलेल्या प्रोबवर निदान संशय तरी असतो. इथे तोही उरत नाही, म्हणून ही चूक जास्त घातक.

काही स्वयंपाकघरी तापमापकांत एकाच बिंदूची दुरुस्ती करता येते. अशा वेळी बर्फाचा बिंदू निवडावा, कारण त्यात उंचीचा प्रश्न येत नाही. वरच्या उदाहरणात नुसते ०.८ वजा केले तरी ६३ चे ६२.२ होतात आणि चूक ०.३ अंशांवर येते.

DS18B20 चा उत्पादक −१० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाची अचूकता सांगतो. त्याच्या पुढे ती हमी सैल होते. उकळत्या टोकाची नोंद या पट्ट्याबाहेर पडते, म्हणून शेवटच्या दशांशावर फार विसंबू नये. आणखी एक आकडा ओळखून ठेवावा: हा सेन्सर वीज मिळताच, पहिले मोजमाप होण्याआधी, ८५ हाच आकडा देतो. बर्फात असो वा उकळत्या पातेल्यात, नेमके ८५.० दिसले तर ते तापमान नव्हे. तारेचा सांधा किंवा वीजपुरवठा तपासावा.

बर्फातला आकडा दोन अंशांहून अधिक चुकत असेल किंवा दर वेळी वेगळा येत असेल, तर सूत्राने काही साधत नाही. बहुधा नळी आणि तार यांच्या जोडातून पाणी आत शिरलेले असते. प्रोब दोन दिवस कोरड्या जागी ठेवून पुन्हा बर्फात धरावा. आकडा तरीही भटकत असेल तर प्रोब बदलावा.