धनादेश न वटणे

खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास बँक कारणाची चिठ्ठी जोडून धनादेश परत करते. त्याचे शुल्क बहुधा विक्रेत्यालाही पडते. समजा, फर्निचरवाल्याला ४०,००० रुपयांचा धनादेश परत आल्याचे ३ जूनला कळले. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१च्या कलम १३८नुसार त्याला तेव्हापासून ३० दिवसांत ग्राहकाला लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास, पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘उद्या देतो’वर विसंबणाऱ्यांची मुदत मात्र हुकते. नव्या गिऱ्हाईकाचा माल रक्कम खात्यात जमा झाल्यावरच सोडावा. उधारीत बिलावर माल पोचल्याची सही घ्यावी. देणे खरे होते, हे दाखवायला तीच उपयोगी पडते.