भित्तिपत्रकाचे वय : मूळ प्रत आणि पुनर्मुद्रण

ग्रंथालयास देणगी मिळते ती केवळ ग्रंथांची नसते. एखाद्या घरातील माळा रिकामा होतो, तेव्हा पोथ्यांबरोबर गुंडाळलेली चित्रपटांची भित्तिपत्रके आणि एखादी गंजलेली एनॅमलची पाटीही ग्रंथपालाच्या टेबलावर येऊन पडते. दाखल नोंदवहीत तिच्यापुढे ‘मूळ प्रत’ असे दोन शब्द लिहिले गेले की पुढील पन्नास वर्षे कोणी ते तपासून पाहत नाही. अभ्यासक तीच नोंद प्रमाण मानून पुढे जातात. हे दोन शब्द कशाच्या आधारावर लिहावेत, हा या लेखाचा विषय आहे.

हुबळी-धारवाड परिसरातील तारिहाळसारख्या गावी मराठी चित्रपटांचे कागद सापडावेत यात नवल नाही. धारवाड जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यात होता, आणि कोल्हापूर येथून फारसे दूर नाही. त्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या मूकपटासाठी केलेले भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सचित्र भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांतील सर्वांत जुने मानले जाते. १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली. या काळातील भित्तिपत्रकांची आज मोठी मागणी आहे, आणि मागणी आली की तिच्या पाठोपाठ नकलाही येतात.

नक्कल ओळखण्यासाठी मूळ वस्तू कशी छापली जाई हे आधी समजून घेतले पाहिजे. जुनी रंगीत भित्तिपत्रके बहुधा शिळाछापाने, पुढे जस्ताच्या पत्र्यावरून निघत. कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा पत्रा घेऊन त्यावर तेलकट खडूने वा शाईने हाताने रेखाटत असे. म्हणून अशा प्रतीवर भिंग धरले की छटांच्या जागी खडूचा ओबडधोबड दाणा दिसतो. तांबडे अक्षर हे तांबड्या शाईचाच एकसंध पट्टा असते, आणि जिथे शाई लागलेली नाही तिथे निव्वळ कागद असतो. पुनर्मुद्रण करणाऱ्याजवळ ते दगड नसतात. तो जुन्या प्रतीचे छायाचित्र घेतो आणि चार रंगांच्या हाफटोन जाळीतून ते ऑफसेटवर छापतो. तेव्हा निळसर, गुलाबी, पिवळे व काळे ठिपके एकमेकांशी कोन करून बसतात आणि लहान फुलांसारखी नक्षी उमटते. तांबडे अक्षरही आता गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांचे बनलेले असते.

माझ्या मते सर्वांत निर्णायक जागा म्हणजे चित्राचा चेहरा नव्हे, तर समास. जुन्या कागदावर काळाने आलेला पिवळेपणा कागदातच मुरलेला असतो, तेथे शाई नसते. नकलेत तो पिवळेपणासुद्धा छापावा लागतो. कोऱ्या दिसणाऱ्या समासात, डागात वा घडीच्या रेषेत रंगीत ठिपके आढळले, तर त्या कागदाने जुनी प्रत पाहिली आहे एवढेच सिद्ध होते. तो स्वतः जुना नाही.

प्रत हाती नसून केवळ छायाचित्र आले असेल तर काय करावे? समजा, ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटाचे ३० बाय ४० इंचांचे भित्तिपत्रक विक्रीस आहे आणि विक्रेत्याने मोबाइलवरून त्याचे पूर्ण छायाचित्र पाठविले आहे. ते ३००० बाय ४००० चित्रबिंदूंचे असेल, तर एका इंचास केवळ शंभर बिंदू येतात. ऑफसेटची नेहमीची जाळी इंचास दीडशे ओळींची. म्हणजे तिच्या एका ठिपक्याला एक पूर्ण बिंदूही मिळत नाही. अशा छायाचित्रात ठिपके दिसले नाहीत म्हणून प्रत मूळ ठरत नाही. उलट कधीकधी जाळी व चित्रबिंदू यांच्या संघर्षाने पाण्यावरील लहरींसारखी नक्षी दिसते, ती छायाचित्राची असते, कागदाची नव्हे. म्हणून समासाजवळील केवळ दीड इंच जागेचे छायाचित्र मागवावे. तेच ३००० बिंदू आता दीड इंचावर पसरतात, इंचास २००० होतात, आणि प्रत्येक ठिपक्यास सुमारे तेरा बिंदू मिळतात. मग फसगत होत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि चित्र संदेशातून न पाठविता ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवावे, अन्यथा वाटेतच ते दाबले जाते.

या कसोटीस मर्यादाही आहेत. हाफटोन जाळी १९व्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे, तेव्हा नटाच्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर ठिपके असणे हा गुन्हा नव्हे. मागाहून तर मूळ भित्तिपत्रकेच ऑफसेटवर निघू लागली. तेथे कागद व मजकूर पाहावा लागतो. इंकजेट यंत्राच्या नकलेत ठिपके विखुरलेले असल्याने ती खडूच्या दाण्यासारखी भासते. मात्र ते कण अतिसूक्ष्म, नाना रंगांचे आणि समासातही पसरलेले असतात. आणि पुनःप्रदर्शनाचा प्रश्न वेगळाच आहे: ‘मुघल-ए-आझम’ १९६० चा, पण त्याची रंगीत आवृत्ती २००४ मध्ये प्रदर्शित झाली. तिचे भित्तिपत्रक खोटे नाही, फक्त २००४ चे आहे.

कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असे. तो कडांकडून आत तपकिरी होत जातो, कारण हवा व उजेड तेथूनच शिरतात. चहाच्या पाण्याने रंगविलेला कागद मात्र सर्वत्र सारखा पिवळा असतो, किंवा मधेच त्यावर थारोळ्याची किनार दिसते. घडीवर मूळ प्रतीची शाई तुटते व आतील तंतू उघडे पडतात. तिरक्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात तेथे उंचवटा व सावली दिसते. छापलेली घडी अशा प्रकाशात सपाटच राहते. मागील बाजूचे छायाचित्र देण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल, तर तेही एक उत्तरच होय. कागद शुभ्र दिसावा म्हणून मिसळण्याची रसायने १९५० च्या सुमारापासून प्रचारात आली. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली ‘१९३६ चा’ कागद निळसर पांढरा झळकला, तर त्याविषयी शंका घ्यावी. मात्र पाठीमागे नवा कागद वा कापड चिकटविलेले असल्यास ही झळाळी त्याचीही असू शकते, आणि काचेआडच्या प्रतीबद्दल छायाचित्रावरून मत देऊच नये. नोंदवहीत ‘अनिश्चित’ हा शब्द लिहिण्यास कोणी संकोचू नये.

तळाशी मुद्रकाचा पत्ता असेल तर तो अवश्य वाचावा. सहा आकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वीच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ असा लहान विभाग क्रमांक असे. पन्नास सालच्या म्हटल्या जाणाऱ्या पत्रकावर सहा आकडे दिसले, तर भिंग बाजूला ठेवले तरी चालेल. एकच सावधगिरी: नकलेत जुना पत्ताही जसाच्या तसा छापला जातो, म्हणून त्याच्या असण्याने काही सिद्ध होत नाही.

एनॅमलच्या पाट्यांना हाच न्याय, फक्त वस्तू निराळी. खऱ्या पाटीवर काचेचे थर एकावर एक भट्टीत भाजलेले असतात. प्रकाश तिरका पाडला की अक्षरांची कड किंचित उंच दिसते, आणि टवका उडालेल्या जागी रंगाखाली काळसर मूळ थर व त्याखाली लोखंड आढळते. गंज टवक्यातून वा खिळ्याच्या भोकातून सुरू होतो आणि पाणी वाहिले त्या दिशेने ओघळतो. पातळ पत्र्यावरील नकलेत गंजही छापलेलाच असतो. त्याला खिळ्याचा पत्ता ठाऊक नसतो, आणि बोट फिरविले तर ते कोरडेच राहते.