आयनोडमधल्या तेरा पत्त्यांचा मागोवा

ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर दिलेल्या अनेकांना `jeep` ही फाइल आठवत असेल. सिल्बर्शॅट्झ आणि त्यांच्या सहलेखकांच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम कॉन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकात ३२ ब्लॉकांची एक छोटी डिस्क काढलेली आहे. त्या डिस्कवर ही फाइल ९, १६, १, १० आणि २५ अशा विखुरलेल्या ब्लॉकांत बसलेली दिसते. एका आकृतीत प्रत्येक ब्लॉक आपल्यापुढच्या ब्लॉकाचा पत्ता सांगतो, ही साखळी पद्धत. पुढच्या आकृतीत तेच पाच आकडे १९ क्रमांकाच्या ब्लॉकात एकाखाली एक मांडलेले असतात, ही इंडेक्स पद्धत. या दोन्हींच्या आधी सलग पद्धतीची आकृती येऊन गेलेली असते, आणि आयनोड त्यानंतर, इंडेक्स पद्धतीचा एक पोटप्रकार म्हणून भेटतो.

हा क्रम वर्गात इतका रुळला आहे की सलग पद्धतीतल्या खोटी काढून साखळी आली आणि साखळीतल्या खोटी काढून इंडेक्स आला, असाच विद्यार्थ्यांचा समज होतो. तारखा मात्र तसं सांगत नाहीत. साखळीचं नेहमीचं उदाहरण म्हणून शिकवली जाणारी FAT १९७७ची आणि आयनोड १९६९चा. ‘सुधारलेली’ पद्धत आठ वर्षांनी थोरली निघते. पाठ्यपुस्तकाचा क्रम हा समजावून सांगण्याच्या सोयीचा क्रम आहे, वंशावळ वेगळी आहे.

सलग पद्धतीपासून सुरुवात करू, कारण ती खरोखरच जुनी आहे. पुस्तकातल्या आकृतीत `count` ही फाइल ब्लॉक ० पासून २ ब्लॉक, `f` ६ पासून २, `tr` १४ पासून ३, `mail` १९ पासून ६ आणि `list` २८ पासून ४ ब्लॉक अशी मांडणी आहे. डिरेक्टरीत प्रत्येक फाइलसाठी दोनच आकडे लागतात, सुरुवात आणि लांबी. `mail`चा चौथा ब्लॉक हवा असेल तर १९ अधिक ३, म्हणजे २२. शोधाशोध नाही. आता याच आकृतीत ७ ब्लॉकांची नवी फाइल बसवून पाहा. रिकाम्या जागा आहेत २ ते ५, ८ ते १३, १७-१८ आणि २५ ते २७. एकूण १५ ब्लॉक मोकळे, पण सगळ्यात मोठी सलग जागा ६ ब्लॉकांची. जवळजवळ निम्मी डिस्क रिकामी असून ७ ब्लॉकांची फाइल बसत नाही. शिकवताना फाइल आत बसवून दाखवण्याऐवजी ही न बसणारी फाइल दाखवली, तर मुद्दा लवकर कळतो.

आयबीएमच्या ओएस/३६० वर १९६०च्या दशकात काम करणाऱ्यांना ही अडचण रोजची होती. फाइलला किती जागा लागेल हे काम सोपवतानाच `SPACE` या पॅरामीटरमध्ये लिहून द्यावं लागे: आधी हवी ती जागा आणि ती संपली तर पुढे किती वाढवायची ते. वाढीव जागा लिहायची राहिली आणि मूळची भरली, की काम मध्येच थांबून D37 हा कोड हाती येई. पण गंमत अशी की ही व्यवस्थाही पुस्तकी अर्थाने ‘सलग’ नव्हती. साधी क्रमवार फाइल एका डिस्कवर १६ सलग तुकड्यांपर्यंत पसरू शके. या तुकड्यांना एक्स्टेंट म्हणत. हा शब्द लक्षात ठेवावा, चाळीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे.

साखळी पद्धत तिच्या शुद्ध रूपात पाहायची तर १९८२चा कमोडोर १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह घ्यावा. त्याच्या २५६ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकातले पहिले दोन बाइट पुढच्या ब्लॉकाचा ट्रॅक आणि सेक्टर सांगायचे, त्यामुळे मजकुराला २५४ बाइट उरायचे. विखुरलेली जागा वाया जात नाही, फाइल हवी तेवढी वाढते. पण `jeep`चा चौथा ब्लॉक हवा असेल तर ९, १६ आणि १ वाचल्याशिवाय १० चा पत्ता लागत नाही, म्हणजे डिस्कची चार वाचनं. कमोडोरच्या अभियंत्यांना हे माहीत होतं. फाइलीच्या मधल्या नोंदीवर थेट जाता यावं म्हणून त्यांनी रिलेटिव्ह फाइल हा वेगळा प्रकार ठेवला. तिला ‘साइड सेक्टर’ नावाचे जास्तीत जास्त सहा ब्लॉक जोडलेले असत आणि प्रत्येकात १२० ब्लॉकांचे पत्ते मावत. म्हणजे साखळीच्याच घरात इंडेक्सची एक खोली बांधलेली होती.

FATने वेगळी युक्ती केली. पुढच्याचे पत्ते ब्लॉकांतून उचलून सगळ्या डिस्कसाठी एकाच तक्त्यात ठेवले. साखळी तशीच राहिली, पण तिच्यावरून चालणं आता मेमरीत होतं, आणि चौथ्या ब्लॉकासाठी डिस्कचं एकच वाचन पुरतं. हिला साखळी म्हणायचं की इंडेक्स? पुस्तकं साखळीत बसवतात आणि ते बरोबरच आहे, कारण पत्त्यावरून पत्त्यावर जावंच लागतं. माझ्या मते खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. FATचा तक्ता डिस्कच्या आकाराबरोबर वाढतो, मग फाइल एक उघडी असो की शंभर. युनिक्समध्ये मात्र उघड्या असलेल्या फाइलींपुरतेच आयनोड मेमरीत आणून चालतं. १९७०च्या दशकातल्या तुटपुंज्या मेमरीत ही गोष्ट लहान नव्हती.

आता आयनोड. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी १९६९मध्ये जी फाइल व्यवस्था आखली, तिच्यात आयनोडांची यादी पहिल्यापासून होती. प्रत्येक आयनोडमध्ये फाइलचा प्रकार, परवानग्या, आकार आणि ब्लॉकांचे पत्ते असत. फाइलचं नाव त्यात नव्हतं आणि आजही नसतं. नाव डिरेक्टरीत राहतं, आयनोडच्या क्रमांकाशेजारी. परीक्षेच्या आकृत्यांत आयनोडच्या चौकटीत हौसेने नाव लिहिलेलं दिसतं. ते तिथे असतं, तर एकाच फाइलला दोन नावं देणं जमलंच नसतं.

पत्ते किती ठेवायचे याचा इतिहास त्या काळच्या कागदपत्रांत स्वच्छ दिसतो. रिची आणि थॉम्पसन यांच्या १९७४च्या निबंधात आयनोडला आठ पत्ते आहेत. ब्लॉक ५१२ बाइटचा. फाइल आठ ब्लॉकांत मावली, तर हे पत्ते सरळ मजकुराचे. त्याहून मोठी झाली की आठही पत्त्यांचा अर्थ बदलायचा. प्रत्येक पत्ता मग एका अप्रत्यक्ष ब्लॉकाकडे न्यायचा आणि त्या ब्लॉकात २५६ पत्ते असायचे. म्हणून कमाल आकार ८ × २५६ × ५१२, म्हणजे नेमके १०,४८,५७६ बाइट. फाइल एकतर ‘लहान’ किंवा ‘मोठी’, मधलं काही नाही. नवव्या ब्लॉकाची गरज पडली की पहिल्या आठ ब्लॉकांचे पत्तेही अप्रत्यक्ष ब्लॉकात हलवावे लागत, आणि मग पहिला बाइट वाचायलाही एक वळसा जास्त. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ साली, आठवा पत्ता दुहेरी अप्रत्यक्ष करून कमाल आकार वाढवला, पण ही सगळं-किंवा-काहीच-नाही अशी अट तशीच राहिली.

ती मोडली १९७९च्या सातव्या आवृत्तीने. तिथे पत्ते तेरा आहेत: दहा थेट, एक एकेरी अप्रत्यक्ष, एक दुहेरी, एक तिहेरी. डिस्कवर प्रत्येक पत्ता तीन बाइटचा, म्हणून तेरांना ३९ बाइट, आणि त्यासाठी ६४ बाइटच्या आयनोडमध्ये ४० बाइटांची जागा राखलेली. अप्रत्यक्ष ब्लॉकात मात्र पत्ता चार बाइटचा, म्हणून ५१२ बाइटांत १२८. दहा थेट पत्त्यांनी ५,१२० बाइटपर्यंत जाता येतं, एकेरीने ७०,६५६, दुहेरीने ८४,५९,२६४ आणि तिहेरीने शंभर कोटींच्या पुढे. फाइल वाढली तरी पहिले दहा पत्ते जागचे हलत नाहीत. वर्गात फळ्यावर काढतो ती उतरत्या बाणांची आकृती या आवृत्तीची लेक आहे.

पाठ्यपुस्तकातल्या `jeep`च्या इंडेक्स ब्लॉकापेक्षा आयनोड वेगळा कुठे पडतो, तेही इथेच कळतं. `jeep`साठी १९ हा अख्खा ब्लॉक फक्त पत्त्यांना गेला आहे. फाइल एका ब्लॉकाची असती तरी तो गेलाच असता. आयनोडमधले थेट पत्ते मात्र परवानग्या आणि आकाराच्या शेजारीच बसतात, आणि फाइल उघडताना आयनोड वाचावा लागतोच. लहान फाइलीला वेगळा इंडेक्स ब्लॉक लागत नाही. ‘आयनोड म्हणजे इंडेक्स ब्लॉक’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. खरा इंडेक्स ब्लॉक भेटतो तो एकेरी अप्रत्यक्ष पत्त्याच्या टोकाला.

पुढे बर्कलीच्या फाइल व्यवस्थेने थेट पत्ते बारा केले आणि लिनक्सच्या ext2ने १९९३मध्ये बारा अधिक तीन अशी पंधरा पत्त्यांची रचना घेतली. परीक्षांनी मात्र हे आकडे मनाला येतील तसे फिरवले. गेटच्या २०१२च्या संगणकशास्त्राच्या पेपरात ३०० जीबीची डिस्क, आठ थेट पत्ते, एक एकेरी आणि एक दुहेरी अप्रत्यक्ष, १२८ बाइटचा ब्लॉक आणि ८ बाइटचा पत्ता दिला होता. एका ब्लॉकात १६ पत्ते मावतात. म्हणून ८ अधिक १६ अधिक २५६, असे २८० ब्लॉक, म्हणजे ३५ केबी. ३०० जीबी हा आकडा निव्वळ चकवा आहे. चुकणारे सहसा दोन ठिकाणी चुकतात. काहीजण अप्रत्यक्ष ब्लॉकांचा आकारही फाइलमध्ये मिळवतात, तर काहीजण दुहेरीला १६ च्या वर्गाऐवजी १६ ची दुप्पट धरतात.

ही गणितं सुटतात, पण आजच्या लिनक्स डिस्कवर ती लागू पडत नाहीत. ext2च्या आयनोडमध्ये पंधरा पत्त्यांसाठी ६० बाइट राखलेले होते. २००८च्या अखेरीस स्थिर म्हणून जाहीर झालेल्या ext4ने त्याच ६० बाइटांत १२ बाइटचं एक शीर्षक आणि १२-१२ बाइटचे चार एक्स्टेंट बसवले. एक्स्टेंट म्हणजे सुरुवात आणि लांबी, `mail`च्या नोंदीत होती तीच जोडी, फक्त फाइलमधला हा कितवा भाग याची जास्तीची खूण घेऊन. १०० एमबीची, सलग लिहिलेली फाइल घ्या. ४ केबीच्या ब्लॉकांत तिचे २५,६०० ब्लॉक होतात. पंधरा पत्त्यांच्या पद्धतीत बारा थेट, १,०२४ एकेरीतून आणि उरलेले २४,५६४ दुहेरीतून, म्हणजे पत्त्यांसाठीच २६ ब्लॉक खर्च. ext4मध्ये एक एक्स्टेंट ३२,७६८ ब्लॉकांपर्यंत जातो, त्यामुळे बारा बाइटांची एकच नोंद पुरू शकते.

आपल्या मशीनवर एखादी फाइल किती तुकड्यांत आहे ते असं पाहता येतं:

```
filefrag -v naav.mp4
```

यादीत चारपर्यंत ओळी असतील तर सगळा हिशेब सहसा आयनोडमध्येच मावलेला असतो. फाइलचे त्याहून जास्त तुकडे झालेले असतील, तर ext4 वेगळा ब्लॉक घेऊन एक्स्टेंटांचं झाड उभं करतो, आणि आयनोडमधल्या नोंदी त्या ब्लॉकाकडे बोट दाखवू लागतात.