नजर वळवणे (तान्ह्या बाळाचे)

समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे काही वेळ टक लावून पाहिल्यावर तान्ह्या बाळाने डोळे किंवा मान दुसरीकडे फिरवणे. दोन ते सहा महिन्यांच्या वयात ही हालचाल सर्वांत ठळक दिसते. घरात तिचे अर्थ भराभर लावले जातात : बाळ लाजले, बाळाला ओळख पटली नाही, बाळ रुसले. लाजायला किंवा रुसायला जी समज लागते, ती या वयात आलेलीच नसते. अंगात चढलेली उत्तेजना उतरवण्याचा बाळाच्या हातातला सर्वांत सोपा उपाय म्हणजे नजर वळवणे, आणि बहुतेक वेळा बाळ तो पुन्हा पाहता यावे म्हणूनच वापरते.

चेहऱ्याची ओढ जन्मापासून असते. 1975 मध्ये गोरेन, सार्टी आणि वू या संशोधकांनी जन्मून काही मिनिटेच झालेल्या बाळांसमोर चार पाट्या हळूहळू सरकवल्या. एकीवर चेहऱ्याची साधी आकृती होती, दोन पाट्यांवर तेच डोळे-नाक-तोंड कमी-अधिक उलटसुलट मांडलेले होते, चौथी कोरी होती. चेहऱ्याच्या पाटीमागे बाळांनी डोळे आणि मान सर्वांत लांबपर्यंत फिरवली. पुढे मार्क जॉन्सन आणि जॉन मॉर्टन यांनी 1991 मध्ये याची मांडणी केली ती अशी : मेंदूच्या खोल, जुन्या भागात एक ढोबळ साचा जन्मतःच असतो, वर दोन गडद ठिपके आणि खाली एक. हा साचा बाळाची नजर चेहऱ्यांकडे वळवतो, आणि मग मेंदूचा बाहेरचा थर त्या पाहण्यातून माणसे ओळखायला शिकतो.

नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. तरीही महिन्याभराचे बाळ चेहऱ्याच्या आतल्या भागापेक्षा त्याच्या कडेवर, म्हणजे केस आणि कपाळ जिथे मिळतात तिथे, जास्त रेंगाळते. पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये अगदी काही दिवसांच्या बाळांना आई आणि अनोळखी बाई यांचे चेहरे दाखवले. बाळे आईकडे जास्त वेळ पाहत. दोघींनी डोक्याला रुमाल बांधून केसांची कड झाकली, तेव्हा हा फरक राहिला नाही. आपल्याकडे बाळंतिणीचे डोके-कान बांधून ठेवतात. केसांची कड दिसली नाही तरी बाळाचे अडत नाही, कारण वास आणि आवाज ही ओळखीची दोन साधने त्याच्याजवळ आधीपासून असतात. दोन महिन्यांच्या सुमारास नजर कडेवरून डोळ्यांवर येते, आणि तेव्हापासून समोरच्याला वाटू लागते की बाळ आपल्याकडे 'खरेच' पाहते आहे.

मात्र टक लावणे आणि आवडणे हे एकच नव्हे. पहिल्या महिन्यापासून साधारण चौथ्या महिन्यापर्यंत बाळाची नजर अडकून बसण्याचा काळ असतो. ठसठशीत काळे-पांढरे चित्र, दिव्याची कड किंवा बोलता चेहरा यांवर एकदा डोळे खिळले की ते सोडवून घेणे त्याला जमत नाही. स्टेक्लर आणि लॅट्झ यांनी 1966 मध्ये या अडकलेल्या नजरेचे वर्णन केले. अशी नजर लावलेले बाळ कधीकधी हळूहळू अस्वस्थ होत जाते, हातपाय झाडते, शेवटी रडते, आणि रडेपर्यंत डोळे तिथेच असतात. पाहायला लावणारी यंत्रणा आधी तयार होते आणि पाहणे सोडायला लावणारी मागाहून, म्हणून हे घडते. दीड महिन्याचे बाळ 'किती छान बघतंय' म्हणून कोणी त्याच्या तोंडावर वाकून राहिले आणि ते एकाएकी भोकाड पसरू लागले, तर भुकेऐवजी हेही कारण असू शकते. अशा वेळी बाळाच्या वतीने मोठ्यानेच बाजूला व्हायचे असते.

तीन-साडेतीन महिन्यांच्या सुमारास डोळ्यांवरचा ताबा झपाट्याने येतो. या वयात बाळ नीट बसू शकत नाही, सरकू शकत नाही, समोरच्याला ढकलू शकत नाही. कान मिटता येत नाहीत. नजर मात्र मनाप्रमाणे लावता आणि काढता येते, त्यामुळे माणसाच्या सहवासातले सारे आतबाहेर काही काळ डोळ्यांनीच चालते. टिफनी फील्ड यांनी 1981 मध्ये आई आणि बाळ समोरासमोर बसलेले असताना बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. बाळाने नजर वळवण्याच्या आधीच्या काही सेकंदांत ठोके वाढत गेलेले दिसले, आणि नजर वळवल्यावर काही सेकंदांतच ते खाली आले. एरवी बाळ शांतपणे लक्ष देऊन काही पाहते तेव्हा ठोके उलट मंदावतात. म्हणजे एकाच पाहण्यात दोन टप्पे असतात : आधी लक्ष लागून शरीर स्थिरावते, पुढे समोरचा चेहरा हसतो, बोलतो, भुवया उंचावतो, जवळ येतो, आणि या सगळ्याची भर पडून उत्तेजना चढते. ती सोसवेल त्याच्या पलीकडे जाण्याच्या बेतात असते तेव्हा नजर वळते.

तीन महिन्यांचे, पोट भरलेले, झोप झालेले बाळ मांडीवर आईकडे तोंड करून निजले आहे असे घेऊ. आई 'अगो बाई, कोण आलं?' म्हणते. बाळाची हालचाल थांबते, डोळे मोठे होतात, भुवया किंचित वर जातात. तीन-चार सेकंदांनी ओठ हलतात, मग हसू फुटते. आई आवाज चढवते, मान हलवते. आता हात गोल फिरू लागतात, पाय सायकल चालवल्यासारखे मारले जातात, तोंडातून 'आ' निघतो. हा खेळाचा कळस, आणि नेमके इथेच हसू किंचित ताठरते. ओठ आत ओढले जातात, श्वास जोरात होतो, आणि डोळे आईच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीकडे जातात. मान थोडीच फिरलेली असते. आईचा चेहरा नजरेच्या कडेला अजून दिसत असतो. आई गप्प बसून चेहरा साधा ठेवते. बाळ बोटे एकमेकांत अडकवते किंवा मूठ तोंडात घालते. काही सेकंदांत हात खाली येतात आणि डोळे आपणहून परततात. तेव्हा आई पुन्हा बोलते, पण आधीपेक्षा हळू. बेरी ब्रेझल्टन, बार्बरा कोस्लोवस्की आणि मेरी मेन यांनी 1974 मध्ये चित्रफितींवरून दाखवले की आई-बाळाचा असा खेळ लाटांसारखा चालतो : लक्ष देणे, चढणे, मागे हटणे, पुन्हा लक्ष देणे.

बिघडते ते मागे हटण्याच्या क्षणी. बाळाने मान वळवली की मोठ्या माणसाला डावलल्यासारखे वाटते. तो त्याच बाजूला सरकतो, बाळाच्या नजरेसमोर पुन्हा तोंड आणतो, टिचक्या वाजवतो, गाल ओढतो. डॅनियल स्टर्न यांनी 1971 मध्ये साडेतीन महिन्यांची जुळी भावंडे आणि त्यांची आई यांचे चित्रण करून एकेक चौकट तपासली. त्यांतल्या एका बाळाबरोबर हाच पाठलाग चाले : बाळ वळे, आई पुढे येई, बाळ आणखी वळे. आई कंटाळून तोंड फिरवी तेव्हा मात्र बाळ तिच्याकडे पाही, आणि चक्र पुन्हा सुरू होई. दुसऱ्या भावंडाबरोबर तीच आई आणि तेच घर असूनही असे होत नसे. एका कुटुंबावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाहीत. पण दोष फक्त आईत किंवा फक्त बाळात शोधणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. दोघांच्या वेळा जुळत नव्हत्या, इतकेच त्यातून दिसते.

ही वेळ जुळवता येते का, याची चाचणी फील्ड यांनी 1977 मध्ये घेतली होती. आयांना एकदा सांगितले की बाळाचे लक्ष स्वतःकडे टिकवून ठेवा, आणि एकदा सांगितले की बाळ जे करील तेवढेच तुम्ही करा. पहिल्या सूचनेने आयांची धडपड वाढली आणि बाळांचे पाहणे कमी झाले. नक्कल करताना आया आपोआप मंदावल्या, आणि बाळे त्यांच्याकडे जास्त वेळ पाहू लागली.

नजर वळवण्याचे दुसरे साधे कारण म्हणजे कंटाळा, आणि नुसत्या डोळ्यांवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. कंटाळलेल्या बाळाचे अंग सैल असते. ते दुसरे काहीतरी शोधते, आणि नवा आवाज किंवा नवे खेळणे मिळाले की खुलते. उत्तेजना जादा झालेल्या बाळाची नजर कशावरच ठरत नाही. पाठ कमानीसारखी ताणते, बोटे फाकतात, कपाळाला आठ्या पडतात, जांभया, उचक्या किंवा शिंका येतात, काहींचा चेहरा लालसर वा फिकट होतो. त्याला नवे खेळणे दाखवले तर ते आणखी बिथरते. शंका असेल तेव्हा आधी थांबून पाहावे. थांबल्याने कंटाळलेल्याचे काही बिघडत नाही, आणि थकलेले बाळ सावरते.

बारशाच्या दिवशी हे चांगले पाहायला मिळते. पाळण्यावर एकामागून एक चेहरे वाकतात, वर गाणी, दिवे, कॅमेरे, पेढ्यांचा गलका. बारा दिवसांचे बाळ यातून नजर काढू शकत नाही, म्हणून ते बहुधा डोळे मिटून गाढ झोपल्यासारखे पडून राहते आणि पाहुणे म्हणतात, काय शहाणे बाळ! संध्याकाळी तेच बाळ तासभर रडते. मग दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळली जाते, आणि आई त्याला घेऊन अंधाऱ्या खोलीत बसते. रडे थांबण्याचे श्रेय मीठ-मोहरीला मिळते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा खोलीचा असावा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही मर्यादा फार लवकर गाठली जाते. हायडेलीस अल्स यांनी 1980च्या दशकात अशा बाळांची लक्षणे वाचून शुश्रूषा ठरवण्याची पद्धत मांडली, आणि अनेक नवजात अतिदक्षता विभागांत तिचे काही भाग आज रुळले आहेत : दिवे मंद ठेवणे, आवाज कमी करणे, एका वेळी एकच गोष्ट देणे. चेहरा दाखवायचा तर बोलायचे नाही, बोलायचे तर थोपटायचे नाही. घरी आल्यावरही अशा बाळाचे वय जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात, नाहीतर दोन महिने आधी जन्मलेले तीन महिन्यांचे बाळ नजर का देत नाही, अशी विनाकारण काळजी लागते.

पाहून वळणारे बाळ आणि कधीच न पाहणारे बाळ यांत फरक आहे. पूर्ण दिवसांचे बाळ तीन महिन्यांचे होऊनही चेहऱ्यावर नजर ठरवत नसेल, हलत्या वस्तूमागे डोळे नेत नसेल, हसू देत नसेल, डोळे सतत थरथरत असतील किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांना दाखवावे. पांढरी झाक दिसली तर वयाची वाट न पाहता लगेच. स्वमग्नतेबद्दल वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांचे 2013 मधील निरीक्षण वारंवार सांगितले जाते : पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांचे समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे सुरुवातीला इतरांइतकेच होते आणि दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान हळूहळू घटत गेले. हा उतार प्रयोगशाळेत यंत्राने, महिन्यामहिन्याने मोजलेला आहे. दुपारच्या खेळात बाळाने चार वेळा तोंड फिरवले, यावरून तो घरी ओळखता येत नाही.