चार्टर पार्टीचं भाषांतर: वेळ कोणाची?

कुरकुंभला समुद्र नाही, पण एमआयडीसीच्या गेटवर ताटकळलेल्या ट्रकवाल्याला विचारा, तो ‘हॉल्टिंग’ मागेल. दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर वॅगन वेळेत रिकामी झाली नाही, तर ‘डेमरेज’ लागतं. जहाजभाड्याच्या जुन्या करारांवर, म्हणजे चार्टर पार्टीवर, काम करणार असाल तर हाच प्रश्न घेऊन कागद वाचा: वाया गेलेली वेळ कोणाच्या खिशातून?

1922 च्या ‘जेनकॉन’ नमुन्यासारखा करार एका फेरीचा असतो. भाडं मालावर ठरतं, म्हणून जहाजमालक चढ-उतारासाठी मोजकीच वेळ देतो. हा ‘लेटाइम’. त्याला ‘मुक्कामाचे दिवस’ म्हणू नका. ‘चढ-उताराची मुदत’ म्हणा. कारण बंदरात असूनही घड्याळ थांबू शकतं.

एक काल्पनिक हिशोब करू. 12,000 टन माल, रोज 3,000 टन, म्हणजे मुदत 4 दिवस. रविवार आणि पावसाने काम अडेल ती वेळ वजा. घड्याळ शुक्रवारी दुपारी 1 ला सुरू झालं. शुक्रवारचे 11 तास, शनिवारचे 24, सोमवारचे 24. मंगळवारी 10 तास पाऊस, म्हणून 14 धरा. झाले 73. उरलेले 23 तास बुधवारी रात्री 11 ला संपतात. माल उतरला शुक्रवारी रात्री 11 ला, म्हणजे डेमरेज 2 दिवसांचं. गुरुवारी पाऊस पडला असेल तर? तो सहसा वजा होत नाही. करारात स्पष्ट सूट नसेल, तर एकदा सुरू झालेलं डेमरेज चालूच राहतं.

आता डेमरेजला ‘दंड’ लिहिलंत तर घोटाळा होतो. इंग्लिश कायद्यात निव्वळ जरब बसवणारी रक्कम कोर्ट वसूल करू देत नाही. डेमरेज ही मात्र आधीच ठरलेली नुकसानभरपाई आहे. ‘विलंबभरपाई’ म्हणा.

‘ऑफ-हायर’ वेगळ्याच करारात येतं. तिथे जहाज मुदतीने भाड्याने घेतलेलं असतं, वेळ भाडेकरूची, मीटर चालू. इंजिन बिघडलं, खलाशी कमी पडले आणि त्यामुळे वेळ गेला, तर तेवढं भाडं बंद. म्हणून ‘भाडे-खंड’. डेमरेजमध्ये भाडेकरू पैसे देतो, इथे त्याचे वाचतात.

यातला खरा सापळा 1946 च्या ‘न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंज’ नमुन्यात आहे. कारणांची यादी ‘एनी अदर कॉज’ने संपते. कोर्ट त्याचा अर्थ यादीतल्या कारणांच्या जातीचंच कारण असा लावतं. पक्षकारांनी पुढे ‘व्हॉट्सोएव्हर’ जोडलं, तर ती मर्यादा जाते. मराठीत दोन्ही ‘इतर कोणतेही कारण’ झाले, तर फरकच पुसला जातो. पहिल्याला ‘तत्सम इतर कारण’, दुसऱ्याला ‘इतर कोणतेही कारण, मग ते कसलेही असो’ लिहा. आणि तो शब्द छापील आहे की मागाहून टाइप केलेला, हे टिपणात नोंदवा. त्या एका शब्दासाठी कोणीतरी घासाघीस केलेली असते.