कुलुपावर सही कुणाची? डिजिनोटारची गोष्ट

ऑगस्ट २०११ चा शेवट. इराणमधला एक माणूस जीमेल उघडायला जातो आणि क्रोम ब्राउझर त्याला अडवतो, सर्टिफिकेट बरोबर नाही म्हणतो. तोच माणूस व्हीपीएन लावून, म्हणजे देशाबाहेरच्या वाटेने गेला की इशारा गायब. त्याने गुगलच्या मदत-फोरमवर साधा प्रश्न टाकला: मधे कुणी माझं बोलणं ऐकतंय का?

उत्तर होतं, हो. आणि एकट्या त्याचंच नाही. त्या प्रश्नानंतर महिन्याभराच्या आत नेदरलँड्समधली एक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिथल्या सरकारला आपल्याच वेबसाइटांवर विश्वास ठेवू नका असं लोकांना सांगावं लागलं. ब्राउझरमधल्या कुलुपामागे नक्की काय आहे, हे समजून घ्यायला याहून चांगली गोष्ट नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कुलूप म्हणजे काय ते बघू. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा ती साइट तुमच्या ब्राउझरला एक सर्टिफिकेट दाखवते. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात: साइटचं नाव आणि तिची सार्वजनिक किल्ली. या किल्लीची जोडीदार असलेली खाजगी किल्ली फक्त त्या साइटकडेच असते, म्हणून पुढचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. पण ही किल्ली खरंच त्याच साइटची आहे हे कोण सांगणार? त्यासाठी सर्टिफिकेटवर तिसऱ्या कुणाची तरी डिजिटल सही असते. हा तिसरा म्हणजे सर्टिफिकेट अथॉरिटी.

या अथॉरिटीवर तरी विश्वास का ठेवायचा? तर तिच्या सर्टिफिकेटवर तिच्या वरच्याची सही असते. अशी साखळी वर वर जात एका ‘रूट’पाशी थांबते. रूटवर मात्र कुणाचीच सही लागत नाही, कारण त्याचं नाव तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये आधीच भरून आलेलं असतं. ती यादी मायक्रोसॉफ्ट, ॲपल, मोझिला, गुगल हे लोक ठरवतात. तुम्हाआम्हाला कुणी विचारलेलं नाही.

आता यातली खरी गोम बघा. आपल्याकडे रहिवासी दाखला ज्या त्या गावची ग्रामपंचायत देते. समजा उद्या नियम असा झाला की राज्यातली कुठलीही ग्रामपंचायत कुठल्याही गावच्या माणसाला दाखला देऊ शकते, आणि सगळ्या ऑफिसांत तो चालतो. मग गडचिरोलीतला खोटा रहिवासी तयार करायला गडचिरोलीत जायची गरजच नाही. राज्यभरातली सगळ्यात ढिसाळ ग्रामपंचायत शोधायची, तिचा शिक्का पळवायचा, झालं काम. सर्टिफिकेटांचं नेमकं असंच होतं. यादीतली कुठलीही अथॉरिटी जगातल्या कुठल्याही साइटच्या नावाने सही करू शकत होती, आणि ब्राउझर ती निमूटपणे मानत होता. गुगलने आपलं घर कितीही पक्कं बांधलं तरी त्याची सुरक्षा भलत्याच कुणाच्या कपाटावर अवलंबून होती.

ते कपाट निघालं डिजिनोटारचं. नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइक गावची ही कंपनी. तिची सर्टिफिकेटं डच सरकारच्या कामातही वापरली जायची. जून २०११ मध्ये हल्लेखोर तिच्या नेटवर्कमध्ये शिरला. नंतर तपास करणाऱ्या फॉक्स-आयटी या कंपनीला जे दिसलं ते वाचून डोक्याला हात लावावा लागतो. सही करणारे सगळे सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये होते, म्हणजे एका युजरनेम-पासवर्डने सगळीकडे फिरता येत होतं. पासवर्ड कच्चा होता. तपासलेल्या सर्व्हरवर अँटिव्हायरस नव्हतं. बाहेर लावलेली सॉफ्टवेअर जुनी, अपडेट न केलेली. आणि ही कंपनी ऑडिटमध्ये पास झालेली होती!

हल्लेखोराने सहीची किल्ली पळवून नेली नाही. तशी गरजच पडली नाही. त्याने कंपनीच्याच यंत्राकडून पाहिजे त्या नावांवर सह्या करून घेतल्या. अशी ५३१ खोटी सर्टिफिकेटं पुढे मोजली गेली. त्यातलं एक १० जुलैला काढलेलं, `*.google.com` या नावाचं. त्या ताऱ्याचा अर्थ, गुगलच्या नावाखालची कुठलीही साइट. जीमेल त्यातच आलं.

१९ जुलैला कंपनीला घुसखोरी कळली. सापडली ती सर्टिफिकेटं त्यांनी रद्द केली आणि गप्प बसले. ब्राउझरवाल्यांना सांगितलं नाही, सरकारला नाही, लोकांना नाही. हल्लेखोराने नोंदी पुसल्या होत्या, त्यामुळे `*.google.com` चं सर्टिफिकेट त्यांच्या हाती लागलंच नाही. वर आणखी एक घोळ. एखादं सर्टिफिकेट रद्द झालंय का, असं ब्राउझर कंपनीच्या सर्व्हरला विचारू शकतो. हा सर्व्हर रद्द यादीत नाव नसलं की ‘ठीक आहे’ असं उत्तर द्यायचा. आपण हे सर्टिफिकेट मुळात दिलं तरी होतं का, हे तो बघतच नव्हता. म्हणून ज्याची नोंदच नाही ते खोटं सर्टिफिकेटही ‘ठीक’.

गंमत म्हणजे हल्ल्याचा अंदाज पुढे याच चौकशांच्या नोंदींवरून आला. ४ ऑगस्टपासून या एका सर्टिफिकेटबद्दलच्या चौकशा झपाट्याने वाढल्या, ते थेट २९ ऑगस्टला ते रद्द होईपर्यंत. सुमारे ३ लाख वेगवेगळे आयपी पत्ते, आणि त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त इराणमधले. नुसतं खोटं सर्टिफिकेट असून भागत नाही, वापरणाऱ्याची वाट मधेच वळवून आपल्या सर्व्हरवर आणावी लागते. एका देशातून एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते झालं होतं. मधे बसलेल्याला पासवर्ड मिळतोच, शिवाय लॉगिनची कुकीही मिळते. ती हातात असली की पुढे कितीतरी दिवस मेलबॉक्समध्ये डोकावता येतं. जिथे सरकारविरुद्ध लिहिलेल्या एका मेलसाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

मग सापडलं कसं? कुठल्या ऑडिटने नाही. गुगलने नुकतीच क्रोममध्ये एक छोटी सोय केली होती. गुगलच्या साइटांसाठी कुठल्या किल्ल्या चालतील त्याची यादी थेट ब्राउझरच्या आतच लिहून ठेवली होती. डिजिनोटारची सही गणिताने बरोबर होती, पण ती त्या यादीत नव्हती. म्हणून क्रोमने ओरड केली. दुसरे ब्राउझर वापरणाऱ्यांना हिरवंगार कुलूपच दिसत राहिलं.

पुढचं वेगाने झालं. ब्राउझरांनी डिजिनोटारचं रूट यादीतून काढलं. डच सरकारच्या साइटा सुरुवातीला वगळल्या होत्या, पण फॉक्स-आयटीचा अहवाल हाती येताच सरकारनेही पाठिंबा काढला, कंपनीचा कारभार ताब्यात घेतला. २० सप्टेंबर २०११ ला कंपनी दिवाळखोर जाहीर झाली. अशा धंद्यात विकायला विश्वासाशिवाय दुसरा मालच नसतो.

हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर जुलै २०१४ आठवा. तेव्हा गुगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं सापडली ती आपल्या एनआयसीची, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. एनआयसीच्या वर सही होती भारत सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांची, आणि त्यांचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. म्हणून विंडोजवरचे बरेच प्रोग्राम ती सर्टिफिकेटं मानत होते. फायरफॉक्सची यादी स्वतःची वेगळी, त्यात हे रूट नव्हतं, त्यामुळे तो वाचला. २ जुलैला गुगलला कळलं, दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची सर्टिफिकेटं रद्द केली. चौकशीत त्यांनी सांगितलं की एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रियाच फोडली गेली होती आणि चार खोटी सर्टिफिकेटं निघाली, तीन गुगलच्या नावांची, एक याहूचं. गुगलचं म्हणणं, या चारांपलीकडचीही आम्हाला माहीत आहेत. शेवटी क्रोमने भारतीय रूटला कुंपण घातलं: `gov.in`, `nic.in`, `ac.in` आणि अशीच मोजकी नावं, तेवढ्यापुरतंच ते चालेल. म्हणजे ग्रामपंचायतीला सांगितलं, दाखला द्या, पण आपल्या शिवारापुरता.

डिजिनोटारचा खरा धडा वेगळाच होता. चोरी झाली याहून मोठी गोष्ट म्हणजे ती कुणाला दिसली नाही. गुगलच्या नावाचा दाखला निघाला हे गुगललाच माहीत नव्हतं. यावर गुगलमधल्या बेन लॉरी आणि ॲडम लँग्ली यांनी जो उपाय काढला तो सातबाऱ्यासारखा आहे. सर्टिफिकेट द्यायचं तर त्याची नोंद सार्वजनिक वहीत करायची. वही अशी की तिच्यात नवीन ओळ भरता येते, जुनी खोडली किंवा बदलली तर गणिताने उघडं पडतं. नोंद झाल्याची पावती सर्टिफिकेटसोबत नसेल तर ब्राउझर ते घेणारच नाही. २०१३ मध्ये याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या सर्टिफिकेटांसाठी क्रोमने हा नियम सक्तीचा केला.

याचा परिणाम त्याआधीच दिसला. सप्टेंबर २०१५ मध्ये सिमँटेक या बड्या कंपनीच्या थॉट शाखेतून `google.com` च्या नावाने चाचणीचं सर्टिफिकेट निघालं, तेही फक्त एका दिवसाच्या मुदतीचं. वहीत नोंद होती, म्हणून ते गुगलच्या नजरेला पडलं. तिथून सुरू झालेली छाननी थांबली ती सिमँटेकच्या जुन्या रूटांवरचा विश्वास काढूनच.

तरी मर्यादा लक्षात ठेवा. वही चोरी थांबवत नाही, ती लपू देत नाही एवढंच. आणि कुणीतरी वही वाचली तरच. `crt.sh` या साइटवर कुठल्याही नावाखाली निघालेली सर्टिफिकेटं कुणालाही फुकट बघता येतात. तुमच्या पतसंस्थेची, शाळेची, नगरपालिकेची साइट असेल तर तिचं नाव तिथे टाकून बघा. जे सर्टिफिकेट आपण मागितलंच नाही ते दिसलं तर विचारणा करा.

दुसरं, कुणी फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हटलं तर आधी थांबा. आपल्या हाताने टाकलेल्या रूटला ना वहीचा नियम लागतो, ना क्रोमची ती किल्ल्यांची यादी. ऑफिसच्या मशीनवर असं असू शकतं, आपल्या स्वतःच्या फोनवर त्याचं काही काम नाही.

आणि तिसरं. कुलूप इतकंच सांगतं की पत्त्याच्या पट्टीत जे नाव लिहिलंय त्याच साइटशी तुम्ही बोलताय. त्या नावामागचा माणूस प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. वीजबिलाच्या नावाने फसवणारी साइटही फुकटात खरंखुरं सर्टिफिकेट घेऊन बसते. तेव्हा कुलूप बघा, पण आधी नाव वाचा, अक्षरन् अक्षर.