घाव कोणाचा, मोकळीक कोणाला?

‘कू देता’ आणि ‘लेसे-फेअर’ हे दोन फ्रेंच शब्दप्रयोग इंग्रजीत पुरते रुळले आहेत. इथे शिकणारी आपली मुले इतिहासाच्या तासाला त्यांचे अर्थ पाठ करतात: पहिला म्हणजे सत्तापालट, दुसरा म्हणजे सरकारने बाजारात हात न घालणे. पण त्यांचे शब्दशः अर्थ पाहिले तर एक प्रश्न उभा राहतो: इथे करणारा कोण?

‘कू’ म्हणजे घाव आणि ‘एता’ म्हणजे राज्यसंस्था. ‘कू देता’ म्हणजे राज्यसंस्थेचा घाव, राज्यसंस्थेवरचा नव्हे. मराठीत आपण त्याला ‘बंड’ म्हणून मोकळे होतो, पण बंड खालून होते. हा घाव मुळात वरून पडणारा. २ डिसेंबर १८५१ रोजी पॅरिसमध्ये नेमके हेच घडले. लुई नेपोलियन हा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होता. राज्यघटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नव्हती. त्याने सैन्याच्या बळावर संसद बरखास्त केली, विरोधकांना अटक केली आणि वर्षभरात तो सम्राट झाला. लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री पामरस्टन यांनी राणीला आणि मंत्रिमंडळाला न विचारताच फ्रेंच राजदूताजवळ या कृत्याला पसंती दर्शवली. त्यापायी त्यांचे मंत्रिपद गेले.

‘लेसे-फेअर’ म्हणजे ‘करू द्या’. ‘दे’ नव्हे, ‘द्या’. समोरच्याला अहोजाहो करून केलेली ही विनंती आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने व्यापाऱ्यांना विचारले, तुमच्यासाठी काय करू? त्यावर लजांद्र नावाचा व्यापारी म्हणाला, आम्हाला आमचे करू द्या. अशी आख्यायिका आहे. म्हणजे मोकळीक मागणारा व्यापारी होता. पुढे वाक्यातला ‘आम्हाला’ गळाला आणि विनंतीचे तत्त्व झाले.

त्या तत्त्वाची झळ आपल्या मुलखाला बसली. १८७६-७७ मध्ये दख्खनेत दुष्काळ पडला. धान्याचे भाव उतरवण्यासाठी सरकारने काहीही करू नये, असे व्हाइसरॉय लिटन यांचे धोरण होते. धान्य पोहोचवणे हे व्यापाऱ्यांचे काम मानले गेले आणि देशाबाहेर जाणारे धान्यही थांबले नाही. दुष्काळी कामांवर मात्र सरकारचा हात चांगलाच चालत होता. रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या माणसाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ही मजुरी पोटाला पुरत नाही, असे अर्ज सरकारला धाडले.

व्यापाऱ्याला ‘करू द्या’ आणि मजुराचा घास मात्र मोजून! म्हणून असा शब्द पुन्हा कानावर आला, की गळालेला कर्ता आधी शोधावा. घाव कोणी घातला आणि मोकळीक कोणी मागितली, हे कळले की निम्मा इतिहास कळतो.